राऊटर ‘भरला’ म्हणजे नेमकं काय भरलं?

एका अभ्यासिकेचं वायफाय मी बघतो. सकाळच्या पाळीत साधारण 34 मुलं, दुपारी तीननंतर 31. तक्रार अशी की दुपारच्या पाळीतल्या पंधराएक जणांना नेट लागतच नाही, आणि बहुतेक रोज त्याच पंधरा जणांना. मालकांचं निदान तयार होतं: “राऊटरवर लोड येतोय, मोठा घेऊ.” पण लोड आला तर सगळ्यांचंच नेट रखडायला हवं. इथे आत असलेल्यांचं झकास चाललं होतं आणि बाकीचे दाराबाहेर.

राऊटर प्रत्येक फोनला एक आयपी पत्ता ठरावीक मुदतीसाठी देतो. ती मुदत म्हणजे लीज. आमच्या राऊटरच्या `DHCP Server` पानावर पत्त्यांची रांग 192.168.1.100 ते 192.168.1.149 होती, म्हणजे 50 पत्ते, आणि `Lease Time` 1440 मिनिटं, म्हणजे पूर्ण दिवस. फोन निघून गेला तरी पत्ता लगेच परत येत नाही, कारण जाताना ‘मी निघालो’ असं सांगायची तसदी फोन सहसा घेत नाहीत. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी आणि माणूस चहाला जावा, तसं. सकाळचे 34 पत्ते दुपारीही अडकलेले, उरले 16, आणि 31 पैकी 15 जण उभेच. दुसऱ्या दिवशी ज्याची त्याची जागा पुन्हा त्यालाच, म्हणून रोज तीच मुलं वगळली जात.

हे ओळखायचं कसं? वायफायला आत्ता जोडलेल्या उपकरणांची यादी आणि लीजची यादी शेजारी ठेवून बघा. आमच्याकडे चार वाजता पहिलीत 31 च्या आसपास नावंही नव्हती आणि दुसरी मात्र 50 वर गच्च. अडकलेल्या फोनवर `Obtaining IP address` घुटमळतं. विंडोजच्या लॅपटॉपवर `ipconfig` दिलं की 169.254 ने सुरू होणारा पत्ता दिसतो, म्हणजे राऊटरकडून काही मिळालंच नाही. पक्की खात्री हवी तर त्या फोनला रांगेबाहेरचा, कुणी न वापरलेला पत्ता हाताने द्या, उदाहरणार्थ 192.168.1.200, गेटवे 192.168.1.1, डीएनएस 8.8.8.8. लगेच नेट लागलं तर पत्तेच संपलेत. तरीही नाही लागलं तर वायफायच्या सेटिंगमध्ये किती उपकरणांना जोडू द्यायचं याची मर्यादा आहे का बघा. काही घरगुती राऊटरांत ती 32 असते.

एक गंमत बरेच जण विसरतात. अँड्रॉइड 10 आणि आयओएस 14 पासून फोन प्रत्येक वायफाय नावासाठी वेगळा मॅक पत्ता, म्हणजे राऊटर ज्यावरून फोन ओळखतो तो क्रमांक, दाखवतात. 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झला दोन नावं दिली असतील, तर एकच पोरगा दोन्हीकडे फिरून दोन रुमाल टाकून जातो.

मी रांग 249 पर्यंत वाढवली, मुदत 120 मिनिटांवर आणली आणि जुन्या लीज पुसायला राऊटर एकदा रीस्टार्ट केला. सगळे आत आले.

आणि मग खरा लोड आला. संध्याकाळी सात वाजता सगळे लेक्चर लावून बसले की व्हिडिओ गोल फिरायला लागला. हा दुसरा आजार. यात फोन जोडलेले दिसतात, पत्ताही बरोबर असतो, पण हवेतली वेळ पुरत नाही. एका चॅनलवर एका वेळी सहसा एकच जण बोलू शकतो. कोपऱ्यातला, भिंतीआडचा फोन 6 एमबीपीएसने बोलत असेल, तर 10 एमबीची फाइल कागदावरही तेरा सेकंद घेते. जवळचा फोन 120 ने तीच पाऊण सेकंदाच्या आत उरकतो. म्हणजे 31 या आकड्यापेक्षा त्यातले किती जण लांब बसलेत, हे महत्त्वाचं. खोक्यावर छापलेला ‘इतकी उपकरणं’ हा आकडा याबाबतीत निरुपयोगी. तो जोडता किती येतील ते सांगतो, चालतील किती ते नाही.

ही क्षमता मोजायची ती गर्दीच्या वेळीच. वायफायवरच्या विंडोज लॅपटॉपवरून आधी राऊटरला, मग बाहेर पिंग द्या:

```
ping -n 50 192.168.1.1
ping -n 50 8.8.8.8
```

सकाळी रिकाम्या वेळी राऊटरचं उत्तर आम्हाला 3-4 मिलिसेकंदांत यायचं. सातला ते 200-300 वर उड्या मारत होतं, मध्येच `Request timed out`. त्याच वेळी लॅपटॉप केबलने जोडला तर पुन्हा एक मिलिसेकंद. म्हणजे राऊटर दमला नव्हता, हवा दाटली होती. केबलवर राऊटर चटकन उत्तर देतोय पण 8.8.8.8 रखडतंय, तर दोष बाहेरच्या लाइनचा. केबलवर राऊटरच उशिरा बोलतोय, तर मालकांचं म्हणणं खरं, मोठा घ्या.

हीच केबल पहिल्या आजारातही कामी येते: पत्ते संपले असतील, तर केबलने जोडलेल्या नव्या लॅपटॉपलाही 169.254 च मिळतो.

रीस्टार्टवर मात्र निदान करू नका. त्याने बऱ्याच राऊटरांच्या लीज पुसल्या जातात आणि गर्दीही क्षणभर पांगते, त्यामुळे दोन्ही आजार तासभर बरे झाल्यासारखे वाटतात. आमच्याकडे शेवटी मागच्या खोलीत केबल ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट वेगळ्या चॅनलवर लावला, त्याचा `DHCP Server` बंद ठेवून. पत्ते वाटणारा एकच असलेला बरा.