बाळाचं लसीकरण कार्ड: तारखा कशा मोजायच्या आणि लस दिल्यावर किरकिर कशी सांभाळायची

लस न देताच परत पाठवलेल्या आईवडिलांची बहुतेक वेळा चूक नसते. कार्डावर लसींची नावं आणि तारखांचे चौकोन असतात, पण तारीख कुठून मोजायची ते छापलेलं नसतं. खिडकीवरून ‘आज नाही, नंतर या’ एवढंच ऐकायला मिळतं, आणि का ते सांगायला कुणाला वेळ नसतो. म्हणून ही माहिती.

कागद फारसे लागत नाहीत. बाळाची जन्मतारीख आणि कार्ड, बस. पण कार्ड रिकामं असतं तिथेच बरेच जण अडकतात, कारण जन्मानंतरची बीसीजी, हिपॅटायटिस बी आणि पोलिओचा पहिला डोस जन्म झाला त्या रुग्णालयात दिलेला असतो आणि नोंद तिथल्याच वहीत राहते. घरी जाताना ती कार्डावर उतरवून, तारीख आणि सहीसह घ्या. नंतर ‘दिली होती म्हणे’ एवढ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण नोंद नसलेला डोस साधारणपणे न दिलेला धरतात. बीसीजीची खूण बहुधा दंडावर दिसते, बाकीच्यांची दिसत नाही. कार्ड हरवलं तर आधी जिथे लस दिली तिथलं रजिस्टर तपासून घ्या.

आता तारखा. पहिल्या वर्षातल्या मुख्य लसी बऱ्याच देशांत ६, १० आणि १४ आठवड्यांना असतात, काही ठिकाणी २, ४ आणि ६ महिन्यांना. तुमच्या कार्डावर असेल ते धरा, मोजायची रीत बदलत नाही. प्रत्येक डोसला दोन अटी असतात: बाळाचं वय अमुक पूर्ण झालेलं हवं, आणि आधीच्या डोसपासून किमान ४ आठवडे, म्हणजे २८ दिवस, झालेले हवेत. दुसरी अट कार्डावर सहसा नसतेच.

समजा, बाळाचा जन्म ३ मार्चचा. ६ आठवडे म्हणजे ४२ दिवस, तेव्हा पहिला डोस १४ एप्रिलला. १० आठवड्यांचा १२ मे, १४ आठवड्यांचा ९ जून. कुणीतरी या तिन्ही तारखा पहिल्याच दिवशी पेन्सिलीने लिहून दिल्या. पण घरात आजारपण निघालं आणि पहिला डोस २९ एप्रिलला झाला. पेन्सिलीची १२ मे तशीच राहिली. आई त्या दिवशी रांगेत उभी राहते आणि परत येते, कारण मधे फक्त १३ दिवस गेलेत. खरी तारीख २७ मे, आणि तिसऱ्या डोसची २४ जून. प्रत्येक वेळी पुढची तारीख त्या दिवशी दिलेल्या डोसपासून नव्याने लिहून मागा. उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करायची नसते, जिथे थांबलो तिथूनच पुढे जायचं. रोटाव्हायरसच्या डोसला मात्र वयाची वरची मर्यादा असते आणि ती ठिकाणाप्रमाणे वेगळी असते, त्यामुळे तो लांबवू नका.

गोवराच्या लसीची गल्लत वेगळीच. कार्डावर ‘९ महिने’ असतं आणि लोक नववा महिना लागताच येतात. ३ मार्चच्या बाळाला नववा महिना ३ नोव्हेंबरला लागतो, पण ९ महिने पूर्ण होतात ३ डिसेंबरला. हा हट्ट कागदी नाही. आईकडून आलेली प्रतिपिंडं त्या काळात बाळाच्या रक्तात असू शकतात आणि ती लसीचं काम कमी करतात. म्हणून लवकर दिलेला डोस हिशेबात धरत नाहीत.

दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांचे आईवडील वय कमी धरून थांबतात. तसं करू नका, जन्मतारखेपासूनच मोजायचं. अगदी कमी वजनाच्या बाळाच्या जन्माच्या वेळच्या डोसांबद्दल तेवढं डॉक्टरांना विचारा. आणि साधी सर्दी, थोडा खोकला किंवा किरकोळ जुलाब हे लस टाळायचं कारण नाही. बाळ खरोखर आजारी असेल, चांगलाच ताप असेल, तरच थांबतात.

लस दिल्यावर अर्धा तास तिथेच बसा. गंभीर ॲलर्जी क्वचितच होते, पण झाली तर बहुधा याच वेळात दिसते.

पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या एकत्र लसीनंतर त्याच दिवशी किंवा रात्री ताप, मांडीवर सूज आणि रडारड होणं नेहमीचं, दोन दिवसांत ओसरतं. मांडीत छोटी गाठ काही आठवडे राहू शकते, ती चोळू नका, शेकू नका. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी पुळी येते, फुटते, खपली धरते. त्यावर मलम, हळद, पावडर काही नको. गोवराच्या लसीनंतरचा ताप आणि पुरळ मात्र आठवडाभराने येऊ शकतात, तेव्हा कुणाला लस आठवतही नाही.

सुई टोचताना बाळाला उभं धरून छातीशी घ्या, आणि जमत असेल तर टोचायच्या आधीपासून पाजत राहा. याने वेदना खरंच कमी होतात. घरी आल्यावर सुजेवर गार ओली घडी, सैल कपडे, वरचेवर पाजणं आणि कडेवर घेणं.

ताप येण्याआधीच पॅरासिटामॉल देऊन ठेवू नका, काही लसींचा प्रतिसाद त्याने कमी झाल्याचं आढळलं आहे. ताप किंवा वेदना असतील तेव्हाच द्या, आणि तेही वजनाप्रमाणे: किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. ५ किलोच्या बाळाला ५० ते ७५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान ४ ते ६ तास, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. सगळ्यात मोठा घोटाळा बाटलीत होतो. ड्रॉप्सच्या १ मिलिलिटरमध्ये बहुधा १०० मिलिग्रॅम असतात, सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५. म्हणजे या बाळाला ड्रॉप्स अर्धा ते पाऊण मिलिलिटर, सिरप दोन ते तीन. सिरपचं माप ड्रॉप्सला लावलं तर औषध चौपट जातं. लेबल वाचा, आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला विचारूनच द्या. ॲस्पिरिन कधीही देऊ नका.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप आला तर लसीमुळेच असेल असं धरून बसू नका, डॉक्टरांना कळवा. कोणत्याही वयात ताप दोन दिवसांपुढे गेला, बाळ तीन तास सलग रडलं, दूध घेईना, गळून पडलं किंवा झटका आला तर दाखवा. श्वास लागला, तोंड सुजलं तर लगेच निघा. रोटाव्हायरसनंतरच्या आठवड्यात बाळ पाय पोटाशी घेऊन थांबूनथांबून किंचाळत असेल, उलट्या होत असतील किंवा शीमध्ये रक्त असेल तर आतड्याचा अडथळा असू शकतो, तिथे सकाळची वाट पाहू नका.

काय झालं, किती तासांनी, किती दिवस, हे कार्डाच्या मागे लिहून पुढच्या वेळी दाखवा. साध्या तापामुळे पुढचा डोस थांबत नाही. गंभीर ॲलर्जी झाली असेल तर त्याच लसीचा पुढचा डोस देत नाहीत, आणि हा निर्णय नोंद पाहूनच होतो.