हत्तीच्या पोटातले घटिकापात्र

दरबारी यंत्रांचा इतिहास बगदादपासून सांगायची पद्धत आहे. नवव्या शतकात तिथल्या तीन भावांनी कारंजी आणि आपोआप चालणाऱ्या भांड्यांवर लिहिले, हे खरेच. पण यंत्र प्रत्यक्षात कसे चालायचे, हे पाहायचे तर 1206 मध्ये आजच्या तुर्कस्तानातल्या दियारबकिरच्या आर्तुकी दरबारात पूर्ण झालेला ग्रंथ उघडावा लागतो. त्यातले हत्तीचे घड्याळ आपल्याला जवळचे वाटेल, कारण त्याचे काळीज म्हणजे घटिकापात्रच आहे.

हत्तीच्या पोटात पाण्याची टाकी, आणि तिच्यात बुडाला बारीक भोक असलेली वाटी. आपले घटिकापात्र चोवीस मिनिटांत बुडते, ही वाटी अर्ध्या तासात. वाटी हळूहळू भरत असताना तिला बांधलेली दोरी पाठीवरच्या लेखनिकाला फिरवते आणि त्याची लेखणी खुणांवरून सरकते. वाटी एकदम बुडाली की तिची तार वरच्या कोठीतला एक गोळा सोडते. तो बहिरी ससाण्याच्या चोचीतून सापाच्या तोंडात पडतो. वजनाने साप खाली झुकतो आणि झुकतानाच साखळीने बुडालेली वाटी वर ओढून रिकामी करतो. गोळा खाली निसटला की साप पुन्हा वर, वाटी पुन्हा पाण्यावर. म्हणजे पाणी वेळ मोजते, पण यंत्र पूर्ववत करण्याची ताकद गोळ्याच्या वजनातून येते. गोळे संपले की सगळे ठप्प. भोकात गाळ अडकला तर वाटी उशिरा बुडते, आणि हत्तीवरच्या माहुताची बाहुली कितीही डौलाने हात हलवो, वेळ चुकलेलीच असते.

हे सगळे आज सांगता येते, कारण राजाच्या आज्ञेवरून यंत्रकाराने मापे आणि आकृत्या लिहून ठेवल्या. आधीच्यांनी लिहिलेले करून पाहिलेले नसते, अशी तक्रारही त्याने केली आहे.

धारच्या परमार दरबारात त्याआधी दीडेकशे वर्षे नेमका उलटा निर्णय झाला होता. तिथल्या अकराव्या शतकातल्या वास्तुग्रंथात यंत्रांचा स्वतंत्र अध्याय आहे. धारागृहे, हलणाऱ्या बाहुल्या, पाऱ्यावर उडणारा लाकडी पक्षी, सगळे त्यात येते. मात्र घडण सांगितलेली नाही. कारण स्पष्ट दिले आहे: हे अज्ञानामुळे नव्हे, गुप्ततेसाठी, उघड झालेली यंत्रे फळ देत नाहीत. दरबाराच्या हिशेबाने यात चूक नव्हती, अचंबा हाच तर त्या यंत्रांचा उपयोग. पण पाऱ्याच्या पक्ष्यावरून आज आपल्याकडे प्राचीन विमानांचे जे दावे होतात, ते याच रिकाम्या जागेत वाढले आहेत.

दियारबकिरच्या ग्रंथाचे तसे झाले नाही. 1974 मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर झाले आणि दोनच वर्षांनी लंडनच्या विज्ञान संग्रहालयात त्यातले किल्ल्याचे जलघड्याळ उभे राहून चालू लागले.