परदेशातून चिपळूणचा फ्लॅट विकताना: कुलमुखत्यारपत्र आणि त्यासोबतचं सूचनापत्र

परदेशात राहून गावाकडचा फ्लॅट विकायचा म्हटलं की बहुतेक जण कुलमुखत्यारपत्र करतात, ते कुरिअरने पाठवतात आणि बाकी सगळं फोनवर सांगत बसतात. पण कुलमुखत्यारपत्र हे जगाला दाखवायचं कागदपत्र आहे. मुखत्यार काय करू शकतो एवढंच त्यात असतं. त्याने काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं, हे त्यात लिहीत नाहीत, लिहूही नये. त्यासाठी वेगळं सूचनापत्र करावं, साध्या भाषेत, सही-तारखेसह. ते खरेदीदाराला दाखवायचं नसतं.

एक उदाहरण धरू. धाकटा भाऊ दुबईत नोकरीला, थोरली बहीण चिपळुणात. भावाने २०१४ मध्ये मुद्रांक-नोंदणीसह २८ लाखांना घेतलेला फ्लॅट आता ४५ लाखांना जातोय. घेणारं जोडपं चिपळूणचंच, बँकेचं कर्ज काढून घेणारं. फ्लॅट इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, सोसायटी नोंदलेली.

कोण विकू शकतो, कोणाला अधिकार देता येतो

अनिवासी भारतीयाला आपला राहता फ्लॅट भारतात राहणाऱ्याला विकायला रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी लागत नाही. ओसीआय कार्डधारकालाही नाही. शेतजमिनीचे नियम वेगळे आहेत, तेव्हा वाडीतली आंब्याची कलमं याच कागदात घुसवू नका.

मुखत्यार शक्यतो जवळच्या नात्यातला असावा, आणि हा केवळ विश्वासाचा प्रश्न नाही. मोबदला न घेता स्थावर मिळकत विकण्याचा अधिकार आई, वडील, भाऊ, बहीण, नवरा, बायको, मुलगी, नातवंडं किंवा अशाच जवळच्या नातलगाला दिला, तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क ५०० रुपये लागतं. परक्याला दिला, तर खरेदीखताच्या दराने लागतं. म्हणून कागदात नातं स्पष्ट लिहा आणि ‘कोणताही मोबदला न घेता’ हे शब्द घाला. भाचा किंवा दीर मुखत्यार असेल, तर तो ‘जवळचा नातलग’ धरला जाईल का, हे मुद्रांक कार्यालयातून आधी ठरवून घ्या.

अधिकार फक्त या एका फ्लॅटपुरते द्या. साठेखत आणि खरेदीखतावर सही करणं, ते दुय्यम निबंधकांपुढे सादर करून कबुली देणं, सोसायटीचे अर्ज, वीजजोडणीचं नाव बदलणं, ताबा देणं, एवढं पुरतं. पैसे फक्त मालकाच्या नावाने स्वीकारता येतील आणि मुखत्याराला आपले अधिकार तिसऱ्याकडे सोपवता येणार नाहीत, हेही लिहा. किमान किंमत मात्र इथे लिहू नका. कुलमुखत्यारपत्र खरेदीदार आणि त्याचा वकील वाचतोच, आणि तुमचा तळाचा आकडा त्याला घरबसल्या कळतो. तो आकडा सूचनापत्रात ठेवा.

कागद परदेशात होतो, मुद्रांक इथे लागतो

दुबईत असाल तर भारतीय वकिलातीत जाऊन अधिकाऱ्यासमोर सही करणं हाच सरळ मार्ग. इंग्लंड-अमेरिकेसारख्या देशांत स्थानिक नोटरीसमोर सही करून त्यावर अपोस्टिल घेता येतं, म्हणजे ती नोटरीची सही खरी असल्याचा त्या देशाच्या सरकारचा शिक्का. नोंदणी कायद्याच्या ३३व्या कलमाप्रमाणे परदेशात राहणाऱ्याचं कुलमुखत्यारपत्र नोटरी किंवा भारतीय वकिलातीतल्या अधिकाऱ्यासमोर झालेलं आणि त्याने साक्षांकित केलेलं लागतं. नुसतं सही करून स्कॅन पाठवलेलं चालत नाही.

मूळ कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर महाराष्ट्राचा मुद्रांक लागला पाहिजे. ही मुदत सहीच्या तारखेपासून नाही, कागद इथे पोहोचल्यापासून धरतात. आणि तो कधी पोहोचला याचा पुरावा म्हणजे कुरिअरचं पाकीट. म्हणून सूचनापत्रातली पहिलीच ओळ अशी असावी: ‘ताई, पाकीट फेकू नको. त्याच्यासकट कागद घेऊन रत्नागिरीच्या मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात जा आणि शुल्क ठरवून घे.’ मुदत हुकली की दंडाचा विषय निघतो, आणि खरेदीदाराच्या बँकेचा वकील नेमकी तीच तारीख तपासतो.

बहिणीने आधी गोळा करायचे कागद

२०१४ चा नोंदलेला करार आणि त्याची सूची २ म्हणजे नोंदणी कार्यालयाचा उतारा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, थकबाकी नसल्याचं पत्र, नगरपरिषदेच्या घरपट्टीची आणि महावितरणच्या बिलाची ताजी पावती. पूर्वी कर्ज असेल तर ते फिटल्याचं बँकेचं पत्र.

चिपळुणात यातला एखादा कागद जागेवर नसणं अगदी शक्य आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत आणि तळमजल्यांत घुसलं, आणि कागद तिसऱ्या मजल्यावर न ठेवता दुकानाच्या कपाटात ठेवणाऱ्यांचे कागद गेले. नोंदलेला करार गेला असेल तर घाबरायचं कारण नाही. त्याची प्रमाणित नक्कल दस्त क्रमांकावरून दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते. शेअर सर्टिफिकेट गेलं असेल, तर पोलिसांकडे हरवल्याची नोंद, सोसायटीला अर्ज आणि हमीपत्र देऊन दुसरी प्रत काढावी लागते. सोसायटीची सभा कधी भरते यावर तिचा वेळ अवलंबून असतो, म्हणून हे काम गिऱ्हाईक शोधण्याआधीच सुरू करायचं.

कराचा दाखला आधी, मोठी रक्कम नंतर

व्यवहार सगळ्यात जास्त अडकतो तो इथे. विकणारा भारतात राहणारा असेल, तर ५० लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात खरेदीदार १ टक्का कर कापतो. तेच ओळखीच्या एजंटने सांगितलेलं असतं, आणि ते अनिवासी विक्रेत्याला लागू होत नाही. अनिवासी विक्रेत्याच्या बाबतीत ५० लाखांची सूट नाही, पहिल्या रुपयापासून कपात होते. दोन वर्षांपेक्षा जास्त काळ फ्लॅट ठेवला असेल तर दर १२.५ टक्के, त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण १३. विक्रेत्याचं उत्पन्न ५० लाखांवर गेलं तर अधिभारही येतो, आपल्या उदाहरणात तो नाही.

प्रत्यक्षात कर नफ्यावर बसतो, पण नफा किती हे खरेदीदाराला ठरवता येत नाही. म्हणून तो पूर्ण किमतीवर कापतो: ४५ लाखांवर १३ टक्के, म्हणजे ५,८५,०००. नफा आहे १७ लाख, त्यावरचा कर २,२१,०००. फरक ३,६४,००० रुपयांचा. तो विवरणपत्र भरून परत मिळतो, पण तोवर अडकून राहतो. हे टाळायचं तर विक्रेत्याने कमी दराने कर कापण्याचा दाखला आयकर विभागाकडून ऑनलाइन काढायचा. १९६१ च्या कायद्यात कपातीचं कलम १९५ आणि दाखल्याचं १९७ होतं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदललेत, म्हणून जुन्या क्रमांकांवर विसंबून अर्ज करू नका.

या अर्जाआधी एक गोष्ट पाहायची: पॅन चालू आहे ना. अनिवासी भारतीयाला आधार जोडण्यातून सूट आहे, पण आयकर विभागाकडे आपला दर्जा ‘अनिवासी’ म्हणून नोंदवला नसेल, तर पॅन निष्क्रिय झालेला असू शकतो. मग कपात आणखी चढ्या दराने होते.

दाखला आणखी दोन बाबतींत ताठर आहे. तो आधी दिलेल्या पैशांना लागू होत नाही, आणि त्याची मुदत त्या आर्थिक वर्षापुरतीच असते. त्यामुळे सूचनापत्रातली ओळ अशी: ‘इसार म्हणून एक लाख घे, माझ्या एनआरओ खात्यात. त्यावरही कर कापला जाईल, कापू दे. दाखला हातात येईपर्यंत पुढचा रुपया घेऊ नको.’ व्यवहार फेब्रुवारी-मार्चमध्ये असेल, तर बँकेचं कर्ज ३१ मार्चपूर्वी सुटतं का, हे खरेदीदाराला आधीच विचारा. एप्रिलमध्ये सुटलं तर नवा दाखला लागेल.

दोन दस्त, मध्ये पैसे

खरेदीदार कर्ज काढत असेल, तेव्हा पूर्ण पैसे येण्याआधीच खरेदीखत करून देण्याचा आग्रह होतो. तो मान्य करू नका. आधी साठेखत नोंदवायचं. त्यावर खरेदीदार पूर्ण मुद्रांक भरतो आणि नोंदणी फी भरतो, जी १ टक्का पण कमाल ३०,००० रुपये आहे. नोंदलेल्या साठेखतावर बँक कर्ज सोडते. रक्कम खात्यात आल्यावर खरेदीखत होतं आणि साठेखतावर भरलेला मुद्रांक त्यात धरला जातो.

दुय्यम निबंधकांकडे बहिणीने मूळ कुलमुखत्यारपत्र, मुद्रांक ठरवल्याचा पुरावा, स्वतःचं ओळखपत्र, भावाच्या पॅनची प्रत आणि दोन साक्षीदार घेऊन जायचं. तिथे तिला एक घोषणापत्र द्यावं लागतं, की कुलमुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही आणि ते देणारा हयात आहे. हे कारकुनी वाटलं तरी अर्थ मोठा आहे: देणाऱ्याचा मृत्यू झाला की अधिकार तिथेच संपतो. म्हणून दस्ताच्या सकाळी भावाने बहिणीला एक लेखी संदेश पाठवावा, ‘आज सही कर’ एवढाच.

कधी कधी खरेदीदार सुचवतो, की खरेदीखत कशाला, आम्हालाच कुलमुखत्यारपत्र द्या. नकार द्या. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलंय की अशा कागदाने मालकी जात नाही. तुमच्या नावावरची जबाबदारी मात्र राहते.

बहिणीसाठी मधली सूचना एकच, पण ती ठळक अक्षरात लिहा: ‘डिमांड ड्राफ्ट माझ्या नावाचा आणि एनआरओ खात्यासाठीच घे. तुझ्या खात्यात एक रुपयाही नको. खात्यात जमा झाल्याचं मी लेखी कळवेन, त्यानंतर खरेदीखत, आणि किल्ली त्याच दिवशी खरेदीखतानंतर.’ बहिणीवर अविश्वास म्हणून हे नाही. तिच्या खात्यात एवढी मोठी रक्कम आली तर उद्या तिलाच आयकर विभागाला उत्तरं द्यावी लागतात, आणि भावाचे पैसे परदेशात न्यायला अडचण होते. एनआरओ खात्यातून एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते, पण बँकेला विक्रीचे दस्त आणि कर भरल्याचं सीएचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं.

खरेदीखत झाल्यावर बहिणीने सूची २ ची प्रत, सोसायटीला दिलेल्या हस्तांतर अर्जाची पोच आणि किल्ली दिल्याची पावती भावाला स्कॅन करून पाठवायची. खरेदीदाराकडून कर कापल्याचं प्रमाणपत्र येईपर्यंत पाठपुरावा तिनेच करायचा, कारण विवरणपत्रात ती रक्कम मागताना ते हाताशी लागतं. प्रमाणपत्र आलं आणि घरपट्टी, वीज खरेदीदाराच्या नावावर गेली, की भावाने कुलमुखत्यारपत्र रद्द केल्याचं लेखी कळवून मूळ प्रत परत मागवायची.