अर्धं अंडं हवं? फेटा आणि वजन करा

‘एका अंड्याच्या केकचं प्रमाण निम्मं करायचंय? मग नुसता बलक घाला!’ असा सल्ला रील्समध्ये सर्रास दिसतो. टरफलाशिवाय अंडं ४८ ग्रॅम भरलं, तर त्यात बलक साधारण १६ ग्रॅम असतो, म्हणजे निम्मा नव्हे, तिसरा हिस्सा. शिवाय बलकात निम्मं पाणी आणि भरपूर स्निग्धांश, तर पांढऱ्यात जवळपास ८८ टक्के पाणी आणि उरलेलं बहुतेक प्रथिन. नुसत्या बलकाने केक दाट होतो, नुसत्या पांढऱ्याने कोरडा आणि चिवट. निम्म्या अंड्यात दोन्ही मूळच्याच प्रमाणात यायला हवेत.

पण अंडं फोडून अर्धं ओतू गेलं की ते ऐकत नाही. थोडं सांडतं आणि मग सगळा गोळा एकदम घसरतो. ही करामत ओव्होम्युसिन या प्रथिनाची. पांढऱ्यात ते फार थोडं असतं, पण त्याचे लांबलचक रेणू एकमेकांत गुंतून जाळं करतात आणि सगळं पाणी त्यात अडकून राहतं. बलकाभोवतीचं पांढरं घट्ट असतं ते या जाळ्यामुळे. कडेच्या पातळ पांढऱ्यात हे प्रथिन कमी असतं. काट्याने फेटलं की जाळं यांत्रिकपणे तुटतं. प्रथिनं शिजत नाहीत, फक्त धागे आखूड होतात. म्हणून मिश्रण एकजीव होऊन धारेने पडू लागतं. काटा उचलल्यावर चिकट तार लोंबत असेल तर अजून फेटायला हवं.

फेटताना हवा शिरते, फेस येतो, म्हणून चमच्याने मोजलेलं अंडं कमी भरतं. वजनाला फेसाचा फरक पडत नाही. फेटलेल्या अंड्याची वाटी वजनकाट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि चमच्याने काढत जा. अंडं ४८ ग्रॅमचं असेल तर उणे २४ दिसलं की निम्मं अंडं निघालं. पाव हवं असेल तर उणे १२. थेंबाथेंबाने काढू नका, कारण काही स्वस्त काटे इतका बारीक बदल शून्यातच जिरवतात. एक ग्रॅम इकडेतिकडे झालं तर निम्म्यात फारसं बिघडत नाही, पण पावात तीच चूक आठ टक्क्यांची होते.

अमेरिकी रेसिपीत ‘लार्ज’ अंडं असेल तर ते टरफलाशिवाय ५० ग्रॅमचं धरतात. तिथे आपल्या अंड्याचं निम्मं न घेता सरळ २५ ग्रॅम घ्या. गावठी अंडं बहुधा लहान असतं, तिथे हा फरक जास्त जाणवतो. (त्याचा बलक गडद असतो तो कोंबडीच्या खाण्यातल्या रंगद्रव्यांमुळे. गडद म्हणजे जास्त पौष्टिक, हा निव्वळ गैरसमज.)

अख्खंच अंडं निम्म्या केकमध्ये ढकललं तर? जादा २४ ग्रॅममधलं सुमारे १८ ग्रॅम पाणीच असतं. लोण्याचं मिश्रण फाटतं, केक रबरी होतो आणि अंड्याचा वास मारतो.

भांडंही बदला. ७ इंचीऐवजी ५ इंची घेतलं की तळाचं क्षेत्रफळ जवळपास निम्म्यावर येतं. पाव प्रमाणासाठी साडेतीन इंची वाटी पुरते, आणि केक बराच लवकर भाजून होतो.