दोन रुपयांच्या धनादेशामागचे आकडे

फेब्रुवारी 2023 मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूर बाजार समितीत दहा गोण्या, म्हणजे 512 किलो कांदा विकला. किलोला एक रुपया भाव निघाला. 512 रुपयांतून मोटारभाडे, हमाली, तोलाई मिळून 509 रुपये 51 पैसे कापले गेले आणि हातात आला दोन रुपयांचा धनादेश. त्या धनादेशाचा फोटो देशभर फिरला. बातमी खरी होती. मात्र त्या दिवसाचा बाजार काय होता, हे एकट्या फोटोवरून कळत नव्हते.

ते कळण्यासाठी बाजार समितीचे आकडे आहेत आणि त्यांचा इतिहास जुना आहे. वऱ्हाडात कारंजा येथे 1886 मध्ये कापसाचा पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला आणि 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कायदाही आला. मुंबई प्रांताने 1927 मध्ये कापसापुरता आणि 1939 मध्ये इतर शेतमालासाठी कायदा केला. आज लागू असलेला राज्याचा कायदा 1963 चा. उघड लिलाव, खरे वजन आणि वेळेवर पैसे, हा या साऱ्यामागचा हेतू. लिलाव उघड झाला म्हणून भावाची नोंद ठेवता आली. 1984 मध्ये कृषी पणन मंडळ स्थापन झाले. पुढे 2000 च्या सुमारास केंद्राच्या ‘अॅगमार्कनेट’ या बाजारभावांच्या संकेतस्थळामुळे हे आकडे संगणकावर दिसू लागले. आज वार्ताहराला घरबसल्या आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर मिळतो.

घोळ होतो तो इथेच. मथळ्यासाठी किमान दर उचलायचा मोह होतो. सोलापुरात कांदा गोण्यांत भरून, प्रतवारी करून येतो. गोल्टी, खाद, डागी असा हलका माल वेगळा लागतो आणि त्याचा भाव वेगळा निघतो. त्यामुळे भाव चांगले असतानाही तिथे किमान दर क्विंटलला 100 रुपये लागलेला दिसतो. लासलगावात ट्रॉलीतला माल खुला दिसतो आणि अख्ख्या ट्रॉलीची बोली होते, म्हणून दोन्ही ठिकाणचे किमान दर शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही. बार्शीच्या मालाबद्दलही, तो हलक्या प्रतीचा होता आणि त्याच शेतकऱ्याचा आधीचा माल याहून बऱ्या भावाने गेला होता, असे व्यापाऱ्याचे म्हणणे होते.

पाहायचा तो सर्वसाधारण दर, म्हणजे ज्या भावाने जास्तीत जास्त माल गेला तो. त्यालाही मर्यादा आहे. एखाद्या समितीचा हा दर रोज किमान-कमालच्या बरोबर मध्यावर येत असेल, तर तो लिलावातून आला नसून कचेरीत सरासरी काढून भरला असावा, अशी शंका घ्यावी आणि अडत्यांच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या, मागून पाहाव्यात.

दुसरी गफलत आवक सोडून देण्याची. समजा, एका महिन्यात 10,000 क्विंटल कांदा 800 रुपयांनी गेला आणि टंचाईच्या महिन्यात 1,000 क्विंटल 3,000 रुपयांनी. दोन्ही दरांची साधी सरासरी 1,900 येते. आवकेच्या वजनाने काढली तर ती अवघी 1,000. बहुतेकांच्या खिशात पडले ते या दुसऱ्या आकड्याच्या आसपासचे. ‘कांदा तीन हजारांवर, शेतकरी मालामाल’ या मथळ्यातही तितकाच भडकपणा आहे, आणि माझ्या मते त्याने जास्त नुकसान होते, कारण तो वाचून शहरातला ग्राहक आणि सरकार दोघेही निर्धास्त होतात.

आता पुन्हा बार्शीच्या शेतकऱ्याची पट्टी घ्या. त्यातली खरी हादरवणारी गोष्ट वजावटीत आहे: किलोमागे जवळपास एक रुपया. भाव पडला म्हणून भाडे आणि हमाली कमी होत नाही. दर वीस रुपये असताना हा रुपया जाणवत नाही. दर पाच रुपयांवर आला की पाचवा हिस्सा त्यातच जातो, आणि बियाणे, खते, काढणीची मजुरी अजून मोजलेलीच नसते. चांगल्या प्रतीचा माल आणणाऱ्यालाही हेच गणित लागू होते. म्हणून ही बाब एका गोणीपुरती राहत नाही. शिवाय धनादेश पुढच्या तारखेचा होता. पैसे वेळेवर मिळण्याचा हक्क डावलला गेला होता आणि समितीने व्यापाऱ्याचा परवाना निलंबित केला तो याच मुद्द्यावर. अनेक बातम्यांत हा तपशील शेवटच्या ओळीत गेला.

त्या हंगामासाठी राज्य सरकारने क्विंटलला 350 रुपये, कमाल 200 क्विंटलपर्यंत, अनुदान जाहीर केले. अर्जाला विक्रीची पट्टी आणि सातबाऱ्यावर कांद्याची नोंद लागत होती. ई-पीक पाहणीत नोंद राहून गेलेल्यांची त्यात अडचण झाली. किती क्विंटल विकले गेले आणि किती क्विंटलला अनुदान मिळाले, हे समितीनिहाय ताडून पाहण्याजोगे होते.