तेल किती तापले, हे पाणी सांगते

कढईतल्या तेलात बुडबुडे दिसू लागले की तेल उकळू लागले, असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः तळणीच्या तापमानाला खाद्यतेल उकळत नाही. उकळण्याच्या कितीतरी आधीच ते धुरावते आणि त्याचे विघटन होऊ लागते. तळताना उसळणारे बुडबुडे पाण्याच्या वाफेचे असतात. ज्यात ओलावा नाही असे तेल 180 अंश सेल्सिअसला पोहोचले तरी वरून जवळपास शांत दिसते, त्यामुळे त्याची उष्णता डोळ्यांना कळावी यासाठी त्यात थोडेसे पाणी धाडावे लागते. पिठाची गोळी आणि लाकडी चमच्याचा दांडा नेमके हेच काम करतात.

इथे एक शंका रास्त आहे. पाणी तर 100 अंशांनाच उकळते. मग तेल 130 अंशांवर आहे की 180 वर, हे बुडबुड्यांवरून कसे ओळखायचे? उत्तर वाफेच्या वेगात आहे. गोळीच्या ओल्या पृष्ठभागाचे तापमान, तिथे पाणी शिल्लक आहे तोवर, 100 अंशांच्या आसपास अडकून राहते. तेलातून गोळीत दर सेकंदाला शिरणारी उष्णता त्या दोघांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. हा फरक 130 अंशांच्या तेलात 30 अंशांचा आणि 180 अंशांच्या तेलात 80 अंशांचा, म्हणजे अडीचपटींहून जास्त असतो. वाफही साधारण त्याच प्रमाणात झपाट्याने तयार होते. शिवाय जोराने निघणारे बुडबुडे गोळीभोवतीचे तेल घुसळून काढतात, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक या हिशेबापेक्षाही ठळक दिसतो.

आता एक ग्रॅम वजनाची, सेंटीमीटरभराहून किंचित मोठी गोळी घेऊ. मळलेले पीठ तेलापेक्षा जड असते आणि तेल तापल्यावर आणखी हलके होते, म्हणून गोळी आधी बुडते. ती वर यायची तर तिला सुमारे 0.4 मिलिलिटर आकारमानाच्या वाफेचा आधार पुरतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ दीड लिटरहून अधिक जागा व्यापत असल्याने, एवढी वाफ जेमतेम पाव मिलिग्रॅम पाण्यापासून तयार होते. गोळीत पाणी तर याच्या हजारपटींहून जास्त असते. तरीही कमी तापलेल्या तेलात ती तळाशीच बसते, कारण बुडबुडे सतत सुटून जातात आणि गेलेल्यांची जागा भरून काढण्याइतकी वाफ वेळेत तयार होत नाही. तेल 170 ते 180 अंशांच्या दरम्यान असेल तर गोळी बुडाल्यावर दोन-तीन सेकंदांत वर येते आणि तिच्या कडेने बारीक, सलग बुडबुडे निघत राहतात.

मात्र ही परीक्षा वरच्या टोकाला आंधळी होते. 180 अंशांच्या तेलात आणि 210 अंशांच्या तेलातही गोळी झटकन तरंगते. तिथे रंग पाहावा लागतो. बाहेरचा थर कोरडा पडून 100 अंशांच्या बऱ्याच वर गेल्याशिवाय पीठ तांबूस होत नाही. त्यामुळे गोळी वर येताच काही सेकंदांत करपू लागली, तर तेल निश्चितच जास्त तापले आहे. पिठात खमीर किंवा खाण्याचा सोडा असेल तर आतल्या वायूमुळे गोळी कमी तापलेल्या तेलातही तरंगते, म्हणून चाचणीची गोळी साध्या पिठाची असावी.

लाकडी दांड्याचे टोक तेलात धरल्यावर निघणारे बुडबुडे दोन प्रकारचे असतात. लाकूड म्हणजे लांबीच्या दिशेने जाणाऱ्या सूक्ष्म नळ्यांची जुडीच; त्या नळ्यांत हवा असते आणि त्यांच्या भिंतींत, कोरड्या वाटणाऱ्या लाकडातही, ओलावा असतो. तापल्यावर हवा प्रसरण पावते, पण खोलीच्या तापमानापासून 180 अंशांपर्यंत ती जेमतेम दीडपट होते. सलग धार लागते ती वाफेची, आणि ती मुख्यतः कापलेल्या टोकाकडून, जिथे नळ्यांची तोंडे उघडी असतात. म्हणूनच स्टीलचा चमचा या कामी निरुपयोगी आहे.

'बुडबुडे आले म्हणजे बरोबर 180 अंश' हा दावा मात्र फसवा आहे. नुकताच धुतलेला दांडा 120 अंशांच्या तेलातही जोरदार फसफसतो, तर त्याच दांड्याने लागोपाठ तपासत गेल्यास टोक सुकते आणि तेल पुरेसे तापूनही बुडबुडे मंदावतात. पुसून वाळवलेला दांडा घ्यावा आणि दुसऱ्या वेळी दुसरे टोक किंवा दुसरा चमचा वापरावा. तपासण्यापूर्वी तेल एकदा ढवळणेही आवश्यक आहे, कारण तळाचे आणि वरचे तेल सारखे तापलेले नसते.

पाण्याचे थेंब शिंपडून तेल पाहण्याची सवय मात्र सोडलीच पाहिजे. थेंब तेलापेक्षा जड असल्याने पृष्ठभागाखाली जातो आणि तिथे एकदम वाफ होऊन वरचे तेल अंगावर उडवतो. पिठात आणि लाकडात हेच पाणी धरून ठेवलेले असते, त्यामुळे ते थोडे थोडे सुटते.