नक्षत्रचरण आणि नवमांश

नक्षत्राच्या चौथ्या हिश्श्याला चरण किंवा पाद म्हणतात. नक्षत्र १३°२०′ चे, म्हणून चरण ३°२०′ चा. २७ नक्षत्रांचे मिळून १०८ चरण होतात. राशीचा नववा भाग, म्हणजे नवमांश, तोही ३°२०′ चाच. त्यामुळे प्रत्येक चरण हा एक नवमांश असतो आणि चरण कळला की नवमांश रास वेगळी काढावी लागत नाही.

ही गणना अश्विनीच्या पहिल्या चरणाला मेष धरून सुरू होते आणि तीन नक्षत्रांत बारा राशी पुऱ्या होतात. अश्विनीचे चरण मेष ते कर्क, भरणीचे सिंह ते वृश्चिक, कृत्तिकेचे धनु ते मीन. रोहिणीपासून पुन्हा मेष. म्हणून कोणत्याही नक्षत्राचा पहिला चरण अग्नितत्त्वाचा, दुसरा पृथ्वीचा, तिसरा वायूचा आणि चौथा जलतत्त्वाचा येतो.

स्वभाव पाहताना नक्षत्र मूळ वृत्ती सांगते आणि ती कोणत्या वाटेने प्रकट होते हे चरण सांगतो, असे ज्योतिषात मानतात. रोहिणीची वृत्ती सौंदर्याची ओढ, जोपासना आणि आसक्ती अशी सांगितली जाते. चंद्र पहिल्या चरणात असेल तर मेष नवमांशामुळे हवे ते पुढे होऊन मिळवण्याची घाई दिसते. दुसरा चरण वृषभ नवमांशाचा. रास आणि नवमांश एकच आल्याने चंद्र वर्गोत्तम होतो आणि रोहिणीचे गुण, हट्टासकट, ठळक होतात. तिसऱ्यात मिथुनामुळे तीच रसिकता बोलण्यात, लिखाणात उतरते. चौथ्यात चंद्र स्वतःच्या कर्क नवमांशात असतो. माया वाढते, तसे मनाला लावून घेणेही.

समजा चंद्र वृषभेत १९°१०′ वर आहे. रोहिणी वृषभेच्या १०° पासून सुरू होते, म्हणजे ९°१०′ भोगले. त्यात दोन पूर्ण चरणांचे ६°४०′ गेले, २°३०′ उरले. चंद्र तिसऱ्या चरणात, नवमांश मिथुन.

चूक बहुधा इथेच होते. चंद्राला एक चरण ओलांडायला सरासरी सहा तास लागतात, पण वरच्या उदाहरणात चौथा चरण अवघ्या ५०′ वर आहे. जन्मवेळ दीड-पावणेदोन तास पुढे सरकली तरी चरण बदलेल. अयनांशाचे, म्हणजे वसंतसंपात आणि मेषेचा आरंभ यांत धरलेल्या अंतराचेही तसेच: हे गणित चित्रापक्षीय अयनांशाचे असेल आणि रामन अयनांश घेतला, तर चंद्र जवळजवळ दीड अंश पुढे दिसतो आणि चौथ्या चरणात जातो. दोन पत्रिकांत चरण जुळत नसेल तर आधी अयनांश ताडून पाहावा. लग्नाचा, म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणाऱ्या बिंदूचा चरण त्याहून नाजूक, कारण तो साधारण १३ मिनिटांत पालटतो. अंदाजे जन्मवेळेवर त्यावरून स्वभाव सांगू नये.

जन्माक्षरावरूनही चरण ओळखतात. रोहिणीची अक्षरे ओ, वा, वी, वू अशी आहेत. मात्र हाकेचे नाव पुष्कळदा जन्माक्षरावर ठेवलेले नसते, म्हणून त्यावरून उलट चरण काढणे फसवे ठरते.